अकरा, नऊ, सात

गुरुवारी रात्री सव्वाआठच्या सुमाराला आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटात एक चित्र येऊन पडलं. मतदानाच्या पडद्याचा फोटो, म्हणजे ज्याला सगळे स्क्रीनशॉट म्हणतात तो. प्रश्न होता, ‘स्नेहमेळावा कुठे? कुठलं तरी एक ठिकाण निवडा.’ खाली तीन पर्याय आणि त्यांच्यापुढे तीन आकडे. गणपतीपुळे अकरा, पन्हाळा नऊ, मिरजेतच सात. चित्रावर लाल रंगाचा एक बाण काढलेला होता, तो गणपतीपुळ्याकडे. त्याखाली आमच्या संयोजक मित्राने लिहिलं होतं, ‘निकाल लागला. उद्या आगाऊ रक्कम भरतो.’

बी.ए.ला आम्ही एकत्र होतो त्याला आता तीसहून अधिक वर्षं झाली. कुणी बँकेतून निवृत्तीला आलाय, कुणी वकील, एकजण मस्कतला, एकजण टपाल खात्यात. मी कविता लिहितो, म्हणजे माझा हिशेबाशी संबंध नाही असं मित्रांचं ठाम मत आहे. तरीही त्या रात्री मला ते चित्र पाहून गप्प बसवलं नाही. गटात सव्वीस नंबर होते आणि अकरा, नऊ, सात यांची बेरीज सत्तावीस होते. शिवाय मी स्वतः ते मतदान केलेलंच नव्हतं. सव्वीस जणांपैकी किमान एकाने मत दिलेलं नसताना सत्तावीस मतं कुठून आली?

मी एवढंच विचारलं. त्यावर संयोजक म्हणाला, ‘शायर, तूच मोज मग.’ अशा रीतीने ही मोजणी माझ्या गळ्यात पडली.

मोजणी सांगण्याआधी हे मतदान चालतं कसं ते थोडक्यात सांगतो. ही सोय व्हॉट्सॲपवर 2022 च्या नोव्हेंबरात आली. एका प्रश्नाला बारापर्यंत पर्याय देता येतात. ज्याला जे हवं त्यावर बोट ठेवायचं, खूण उमटते आणि पुढचा आकडा एकाने वाढतो. सुरुवातीला एकाच माणसाला हवे तितके पर्याय निवडता येत. एकालाच एक मत अशी मर्यादा घालायची सोय 2023 च्या मे महिन्यात आली. त्यासाठी प्रश्न तयार करतानाच `Allow multiple answers` असं लिहिलेलं बटण बंद करावं लागतं. आमच्या संयोजकाने ते केलं नव्हतं. त्याच्या चित्रात प्रश्नाखाली बारीक अक्षरात `Select one or more` असं लिहिलेलं दिसत होतं. म्हणजे प्रश्न सांगत होता ‘कुठलं तरी एक’, आणि त्याखालचा फोन सांगत होता ‘एक किंवा जास्त’. सत्तावीसचं कोडं तिथंच अर्धं सुटलं.

यातली खरी अडचण मत बदलणाऱ्यांची होते. एकच मत देता येत असेल तर दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवताच पहिली खूण आपोआप पुसली जाते. पण अनेक पर्यायांची मुभा असेल तर दुसऱ्यावर बोट ठेवलं की दुसरी खूण वाढते आणि पहिली तशीच राहते. ती काढायची तर पहिल्यावर पुन्हा बोट ठेवावं लागतं. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, आपण मत बदललं. फोनच्या लेखी त्यांनी दोन मतं दिलेली असतात. त्यामुळे अशा मतदानात पर्यायांपुढचे आकडे खुणांचे असतात, माणसांचे नसतात.

मतं देणाऱ्यांची नावं पाहायची तर मतदानाखाली `View votes` असं असतं तिथं जावं लागतं. तिथं प्रत्येक पर्यायाखाली नावं आणि प्रत्येक नावापाशी वेळ दिसते. मला ते मतदानच दिसत नव्हतं, कारण मी गटात आलो मंगळवारी आणि मतदान टाकलं होतं रविवारी. मी संयोजकाला म्हटलं, आतल्या नावांचे फोटो पाठव, आणि यादी लांब असेल तर खालपर्यंत सरकवून सगळे घे. शुक्रवारी सकाळी त्याने पाच फोटो पाठवले. आगाऊ रक्कम तोवर थांबवली होती. समुद्रकाठच्या त्या निवासाची अट अशी, की भरलेले पैसे परत मिळणार नाहीत.

आता मी वही घेतली. पहिल्या पानावर मतं लिहिली नाहीत, माणसं लिहिली. मतदार कोण हे ठरल्याशिवाय मत मोजायला बसलं, तर प्रत्येक नाव कुणाच्या बाजूचं आहे हे पाहून मन निर्णय घ्यायला लागतं. माझं तर नक्कीच लागलं असतं, कारण मला मिरजेतच मेळावा हवा होता. हे मी गटात आधीच लिहून मोकळा झालो, आणि गणपतीपुळ्याच्या बाजूच्या एका मैत्रिणीला म्हटलं, तूही स्वतंत्रपणे मोज, आपले आकडे जुळले तरच सांगू. निवडणुकीत मोजणीच्या टेबलाशी उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात, तसंच हे.

नंबर सव्वीस, पण माणसं किती? टपाल खात्यातल्या मित्राचे दोन नंबर गटात होते, जुना आणि नवा. तेव्हा माणसं पंचवीस. आणि मग ते नाव आलं, ज्याच्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ‘मिरजेतच’ या पर्यायाखाली, यादीत तिसरं, आमच्या एका मित्राचं नाव होतं. फोटोही त्याचाच, चष्म्यातून हसणारा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा नंबर आता वहिनी वापरतात. त्यांनी नाव बदललं नाही, फोटो बदलला नाही, आणि आमच्यापैकी कुणी त्यांना गटातून काढलं नाही.

ते मत धरायचं का? मी आकड्यांची बेरीज करण्याआधीच हे गटाला विचारलं, आकडे न सांगता. बँकवाला मित्र म्हणाला, ‘आपण मेळाव्याला वहिनींना बोलावलंय ना? मग विचारतोस काय!’ बाकीच्यांनीही तेच म्हटलं. वहीत मी त्या ओळीवर मित्राचं नाव लिहिलं होतं, ते खोडून ‘वहिनी’ लिहिलं. हे मोजणीनंतर ठरवलं असतं, तर कुणीतरी कुणालातरी म्हणालंच असतं की मेलेल्याचं मत मोजलं. तुम्हाला पुढे दिसेल की त्या एका मतावर बरंच काही अवलंबून होतं.

पंचवीस ओळी झाल्या. प्रत्येक ओळीत चार रकाने केले. मतदानात खूण कुठे, वेळ काय, गटात शब्दांत काही लिहिलंय का, आणि शेवटी धरलेलं मत. नावं लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागली. फोटो संयोजकाच्या फोनवरचे, त्यामुळे नावं त्याने जशी साठवली तशीच. ‘पप्या’, ‘मास्तर’, ‘मेव्हणा नं. 2’ ही माणसं कोण, हे त्याला विचारून घ्यावं लागलं. दोघांचे तर नुसते नंबरच होते.

शुक्रवार सकाळच्या फोटोंतले आकडे गुरुवारच्या चित्राशी जुळेनात. गणपतीपुळे अकराचं दहा झालं होतं, पन्हाळा नऊचा दहा, मिरज सातची आठ. संयोजक चिडला. त्याला वाटलं, निकाल पाहून लोकांनी मतं फिरवली. म्हणून वेळा पाहिल्या. मतदानाची मुदत त्यानेच लिहिलेली होती, गुरुवार रात्री नऊ. आणि त्याच्या चित्राच्या वरच्या कोपऱ्यात फोनचं घड्याळ दिसत होतं, आठ वाजून दहा मिनिटं. निकाल पन्नास मिनिटं आधीच जाहीर झाला होता. मास्तरने आठ पन्नासला गणपतीपुळ्याची खूण काढून मिरजेवर ठेवली होती. चित्र पाहून का असेना, मुदतीच्या आत ठेवली होती. मत बदलायला मुभा असेल तर ती शेवटच्या मिनिटापर्यंत असते.

आपल्याकडच्या निवडणुकीत बटण दाबलं की संपलं, म्हणून आपल्याला मत बदलणं म्हणजे काहीतरी लबाडी वाटते. पण एस्टोनिया या छोट्या देशात 2005 पासून लोक इंटरनेटवरून मत देतात, आणि तिथं मुदतीत पुन्हा मत देता येतं. मोजलं जातं ते शेवटचं. कुणी नंतर केंद्रावर जाऊन कागदावर मत दिलं, तर आधीचं इंटरनेटवरचं रद्द होतं. घरात कुणी दडपण आणून मत द्यायला लावलं, तर माणसाला मागाहून एकटं बसून ते बदलता यावं, हा त्यामागचा एक विचार. आमच्या गटात दडपण होतंच, ते लाल बाणाच्या रूपाने आलं होतं.

दुसरा बदल मस्कतच्या मित्राचा. त्याची पन्हाळ्याची खूण रात्री दहा वाजून दहा मिनिटांची. मुदतीनंतरची म्हणून ती मी वेगळी काढली. फेकली नाही. वहीच्या तळाशी ‘उशिरा आलेली’ असा एक कोपरा केला आणि तिथं लिहिली. इथं या मतदानाची एक मर्यादा सांगायला हवी. एखाद्याने मुदतीत एक मत दिलं आणि मुदतीनंतर ते बदललं, तर यादीत फक्त नवं दिसतं. आधी काय होतं ते कुठंही राहत नाही. म्हणून नावांच्या यादीचा फोटो नऊच्या ठोक्याला घ्यायला हवा होता, सव्वाआठलाही नाही आणि दुसऱ्या सकाळीही नाही. आमचं नशीब, मस्कतवाल्याने आधी मत दिलेलंच नव्हतं आणि नऊनंतरची वेळ दुसऱ्या कुठल्याच नावापाशी नव्हती.

आता पन्हाळा नऊ, गणपतीपुळे दहा, मिरज आठ. सत्तावीस खुणा. टपालवाल्या मित्राने दोन्ही फोनवरून गणपतीपुळ्यावर बोट ठेवलेलं, त्यातलं एक गेलं. राहिल्या सव्वीस खुणा आणि बावीस माणसं. म्हणजे चौघांची नावं दोन-दोन ठिकाणी असणार. शोधली, तर होतीच.

बँकवाला मित्र गणपतीपुळ्यातही आणि पन्हाळ्यातही. त्याचं कोडं गटातल्या संभाषणातच सुटलं. बुधवारी त्याने लिहिलं होतं, ‘गुडघ्यांनी संप केलाय, आंबा घाट उतरून एवढं लांब बसवणार नाही. माझं पन्हाळा करा.’ त्याने पन्हाळ्यावर खूण केली आणि आधीची पुसली गेली असं समजून फोन खिशात ठेवला. पुण्याच्या मैत्रिणीचं तसंच. गणपतीपुळे आणि मिरज दोन्हीवर खूण, आणि शब्द असे, की आईला रात्रभर सोडता येणार नाही, मिरजेतच ठेवलं तर सकाळी येऊन संध्याकाळी परत जाईन. स्वच्छ शब्द असले की खुणेपेक्षा शब्द मोठे. या दोघांची गणपतीपुळ्याची खूण मी खोडली.

उरलेल्या दोघांनी काहीच लिहिलेलं नव्हतं. वकील मित्र गणपतीपुळे आणि पन्हाळ्यात, आणि एक मैत्रीण पन्हाळा आणि मिरजेत. इथं मोह होतो की नावापाशी वेळ दिसतेच आहे, नंतरची कुठली ते पाहावं आणि ती धरावी. मी ते केलं नाही. ती वेळ बोट कधी लागलं ते सांगते, माणूस मत बदलत होता की ‘मला दोन्ही चालेल’ म्हणत होता ते सांगत नाही. दोन्ही चालेल म्हणणं काही चूक नव्हे. ज्याला जे जे चालेल त्या सगळ्यावर खूण करा, असं पहिल्यापासून सांगून केलेली मोजणीही रास्तच असते, आणि मेळाव्याची तारीख ठरवायला तर तीच बरी. पण तशी मोजणी करायची तर सगळ्यांना ते माहीत हवं. आमच्यात अठरा जण ‘एकच’ समजून वागले होते. चौघांना दोन मतं का मिळावीत?

तेव्हा विचारणं हाच मार्ग. मी दोघांना एकाच शब्दांत निरोप पाठवला, ‘तुमच्या खुणा दोन ठिकाणी आहेत. गुरुवारी रात्री नऊपर्यंत तुम्हाला जे एक ठिकाण हवं होतं ते कळवा.’ आकडे सांगितले नाहीत. वकिलाने लगेच विचारलं, ‘सध्या कोण पुढे आहे?’ वकीलच तो. मी म्हटलं, तेवढं सोडून काहीही विचार. त्याने पन्हाळा सांगितलं. मैत्रिणीने मिरज.

मतदानाखेरीज शब्दांत आलेलं एक मत होतं, ते माझं. बुधवारी मी गटात लिहिलं होतं, ‘मला ते मतदान दिसत नाही, माझं मिरज धरा.’ ते मुदतीतलं होतं, पण मोजणारा मीच, म्हणून ते धरायचं की नाही हे दुसऱ्या बाजूने मोजणाऱ्या मैत्रिणीवर सोपवलं. तिने धरलं. आणि एका मित्राने ना मत दिलं होतं ना शब्द लिहिला होता. ‘पन्हाळ्याला पावसात काय मजा येते’ या कुणाच्याशा वाक्यावर त्याने फक्त अंगठ्याचं चिन्ह टाकलं होतं. पन्हाळ्याची मंडळी म्हणाली, हे आमचं मत. मी म्हटलं, तो पावसालाही अंगठा दाखवत असेल. दोनदा निरोप पाठवला, उत्तर नाही. त्याच्या ओळीत ‘मत नाही’ लिहिलं.

सगळं मांडल्यावर वहीत हे उरलं. गणपतीपुळे सहा, पन्हाळा आठ, मिरज नऊ. मुदतीत मत दिलेली माणसं तेवीस, उशिरा एक, मत नाही एक. एकूण पंचवीस. बेरीज माणसांच्या संख्येशी जुळली की मग मला जरा झोप लागली. मैत्रिणीचीही बेरीज तीच आली. जे ठिकाण लाल बाणाने जिंकलं होतं, ते तिसरं निघालं.

मी गटात निकाल लिहिला तो तसाच, एका ओळीत, उशिराच्या मतासकट. ते लपवलं असतं तर पन्हाळ्याच्या मंडळींना ते मागाहून सापडलंच असतं. आणि लागलीच मस्कतहून उत्तर आलं. ‘माझ्या घड्याळात तेव्हा आठ चाळीस झाले होते.’ खरंच होतं ते. मस्कत आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. प्रत्येक फोन वेळ दाखवतो ती त्या त्या जागेची. ‘रात्री नऊ’ लिहिताना कुठले नऊ, हे संयोजकाने लिहिलं नव्हतं आणि आम्हा मिरजकरांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आपल्याकडे टपालाने येणारी मतपत्रिका मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेपर्यंत पोचली तरच धरतात, नंतर आलेली धरत नाहीत. तो नियम कठोर आहे, पण त्यातलं घड्याळ सगळ्यांना माहीत असतं. आमच्या घड्याळाला गावच नव्हतं. मला त्याचं म्हणणं पटलं, आणि माझ्या बाजूच्या विरोधात जात होतं म्हणून थोडं जास्तच पटवून घेतलं, हेही कबूल करतो.

पन्हाळा नऊ, मिरज नऊ.

चिठ्ठी टाका, असं कुणी म्हणालं. समसमान मतं पडली तर कायद्यातही चिठ्ठीच आहे. 2017 च्या मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत एका प्रभागाचा निकाल तसाच लागला होता. पण गणपतीपुळ्याच्या सहा जणांना दोन्हीपैकी काय हवं, हे अजून कुणी विचारलेलंच नव्हतं. म्हणून दुसरं मतदान घ्यायचं ठरलं. दोनच पर्याय. ते बटण या वेळी बंद केलेलं, एका माणसाला एकच खूण. मुदत रविवार रात्री नऊ, भारतीय वेळ. टपालवाल्याने जुन्या नंबरावरून गट सोडला. आणि संयोजकाने नऊ वाजता नावांच्या यादीचा फोटो घ्यायचा, आकड्यांचा नव्हे.

शनिवारी दुपारी वहिनींचा मला वेगळा निरोप आला. गटात नाही, एकटीला लिहावा तसा. ‘माझ्यामुळे मिरजेवर अडून बसू नका. रात्रीचं बाहेर राहणं मला जमत नाही, पण तुम्ही सगळे जाऊन या, फोटो पाठवा.’ मी तो निरोप गटात टाकला नाही. टाकला असता तर लाल बाणाइतकंच ते दडपण झालं असतं. मोजणी होईपर्यंत तो माझ्यापाशीच राहिला.

रविवारी नऊ वाजता मिरज तेरा, पन्हाळा अकरा. एकूण चोवीस, आणि एक मत नाही. नावांची यादी आली त्यात मिरजेखाली तो चष्म्यातला फोटो या वेळी सगळ्यात वर होता.

निकाल गटात टाकला. अंगठेवाल्या मित्राने दोन मिनिटांत त्यावरही अंगठा टाकला.